आठ महिने वापरलेला विधान-कारण प्रश्नसंच: एन्ट्रॉपी आणि समतोल

जूनमध्ये बारावीच्या बॅचसाठी उष्मागतिकीचा हा संच घेतला, आता जानेवारी संपत आलाय. प्रत्येक उत्तराखाली ‘का’ हे लिहिलंय, म्हणूनच घेतला. ‘क’ आणि ‘ड’ पर्यायांत मुलं फारशी चुकत नाहीत. सगळी मारामारी ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये: दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण कारण हे विधानाचं स्पष्टीकरण आहे, म्हणजे ‘अ’, की नुसतं शेजारी बसलेलं खरं वाक्य, म्हणजे ‘ब’?

पहिल्याच आठवड्यातला प्रश्न घ्या. विधान: उणे १० अंश सेल्सिअसला पाणी आपोआप गोठतं. कारण: गोठताना उष्णता बाहेर पडते. जवळजवळ सगळ्यांनी ‘अ’ लिहिलं. संचाचं उत्तर ‘ब’. खालचा खुलासा वाचून मीही थबकले. उष्णता तर अधिक १० अंशांवर गोठतानाही बाहेर पडली असती, मग तिथे पाणी का गोठत नाही?

फळ्यावर हिशेब मांडला. उणे १० ला एक मोल पाणी गोठताना त्याची एन्ट्रॉपी सुमारे २०.६ जूल प्रति केल्विनने घटते. बाहेर पडलेली ५.६ किलोजूल उष्णता २६३ केल्विनच्या परिसरात गेली की तिथली एन्ट्रॉपी सुमारे २१.४ ने वाढते. एकूण वाढ जेमतेम ०.८, पण धन. अधिक १० ला हेच केलं तर बेरीज सुमारे उणे ०.८ येते. तापमान चढलं की तीच उष्णता परिसरात कमी एन्ट्रॉपी वाढवते, सगळी मेख त्यात आहे. शून्य अंशाला दोन्ही बाजू जुळतात, तोच समतोल.

तेव्हापासून आम्ही एकच कसोटी लावतो: कारण तसंच ठेवून विधान खोटं पाडता येतं का? येत असेल तर ‘अ’ नाही.

आता तक्रार. समतोलाच्या भागात एक उत्तर चक्क चुकलंय. विधान असं: २५ अंशांना N₂O₄ पासून NO₂ होण्याची ΔG° धन आहे, म्हणून शुद्ध N₂O₄ चं विघटन होणारच नाही. संच म्हणतो, बरोबर. अहो, रंगहीन वायू तपकिरी होतो हे डोळ्यांना दिसतं! ΔG° साधारण ४.७ किलोजूल, म्हणजे समतोल स्थिरांक सुमारे ०.१५. छोटा आहे, शून्य नाही. एक बार दाबाला जवळपास पाचवा हिस्सा N₂O₄ फुटतो. सुरुवातीला NO₂ नसतोच, त्यामुळे त्या क्षणी ΔG ऋण असते. समतोलाला शून्य होते ती ΔG, ΔG° नव्हे. खुलासा लिहिणाऱ्याने बहुधा हेच दोन एकमेकांत मिसळले.

त्या पानावर चिठ्ठी चिकटवून ठेवलीय. एन्ट्रॉपीचा भाग पुढच्या बॅचलाही देईन, समतोलाची उत्तरं मात्र आधी स्वतः तपासून.