डोस कॅल्क्युलेशनचा प्रश्नसंच: सत्रभर वापरल्यावर काय टिकलं, काय खटकलं

जीएनएम आणि बीएससी नर्सिंगच्या मुलामुलींसाठीचा हा सोडवलेल्या गणितांचा संच सत्रभर वर्गात आणि वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये वापरला. पहिला भाग युनिटांचा, दुसरा ड्रिप आणि पंपाच्या रेटचा, तिसरा सुरक्षित मर्यादांचा. उत्तरं पायऱ्यापायऱ्यांनी मराठीत दिली आहेत आणि औषधांची नावं व युनिटं वॉर्डात बोलतात तशीच ठेवली आहेत. विकत घ्यावा का, याचं उत्तर होय. पण उत्तरपत्रिकेवर डोळे मिटून विसंबू नये. कुठे विसंबू नये, हे सांगण्यासाठीच एवढं सविस्तर लिहिते आहे.

आधी जे उत्तम आहे ते. इन्सुलिनचा भाग आपल्याकडची परिस्थिती जाणणाऱ्या माणसाने लिहिला आहे. परदेशी पुस्तकांतून उचललेल्या गणितांत इन्सुलिन म्हणजे १ मिलीला १०० युनिट असं गृहीत धरलेलं असतं. आपल्या वॉर्डच्या फ्रिजमध्ये मात्र ४० युनिटची व्हायल असते आणि शेजारीच पेनची १०० युनिटची कार्ट्रिजं असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. संचातला प्रश्न असा आहे: ऑर्डर १२ युनिट, व्हायलवर ४० आययू प्रति मिली, तर किती काढाल? १२ भागिले ४० म्हणजे ०.३ मिली, यू-४० सिरिंजवर थेट १२ची खूण. इथवर कोणीही पोहोचतं. पुढे उत्तरात दोन चुकीच्या जोड्याही सोडवून दाखवल्या आहेत. तीच व्हायल यू-१०० सिरिंजने १२च्या खुणेपर्यंत काढली, तर हातात ०.१२ मिली येतं, म्हणजे ४.८ युनिट. पेशंटची साखर उतरत नाही आणि पुढचा डोस उगाच वाढवला जातो. उलट, १०० युनिटचं इन्सुलिन यू-४० सिरिंजने १२च्या खुणेपर्यंत काढलं, तर ०.३ मिलीत ३० युनिट जातात, अडीचपट. यू-४० सिरिंज नसेल तर यू-१०० सिरिंजमध्ये ०.३ मिली काढता येईल का, असं हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. गणिताने येतं. तरी उत्तरात स्पष्ट लिहिलंय की असं करू नये, जुळणारी सिरिंज मागवावी, कारण ३०च्या खुणेवर भरलेली सिरिंज पाहून दुसरी सिस्टर ती ३० युनिटच समजणार. हे अगदी योग्य आहे.

फक्त सिरिंजची चित्रं काळी-पांढरी छापली आहेत. टोपणाचा रंग हीच ओळख असताना ही काटकसर नको होती. आम्ही दोन्ही सिरिंज प्रत्यक्ष टेबलावर ठेवूनच हे पान शिकवतो.

ड्रिपच्या थेंबांचा भाग सरळ आहे. आपल्याकडच्या साध्या आयव्ही सेटच्या पाकिटावर बहुधा २० थेंब प्रति मिली लिहिलेलं असतं, मायक्रोड्रिपवर ६०. त्यामुळे साध्या सेटला तासाच्या मिलीला ३ने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात आणि मायक्रोड्रिपला तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब. काही गणितांत १० आणि १५ थेंबांचे सेट आले आहेत. त्यामुळे पाकीट वाचायची सवय लागते, म्हणून ती सोडू नयेत.

खरी कसोटी सिरिंज पंपाच्या गणितांत आहे आणि संचाचं बळ व उणीव दोन्ही तिथेच दिसतात. डोपामिनचं गणित घ्या. अँप्युल ५ मिलीचं, त्यात २०० मिलीग्रॅम. नॉर्मल सलाईन घालून एकूण ५० मिली केलं की १ मिलीत ४ मिलीग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, पेशंट ६० किलो. ५ गुणिले ६० किलो म्हणजे मिनिटाला ३००. गुणिले ६० मिनिटं म्हणजे तासाला १८,०००. भागिले ४००० म्हणजे ४.५ मिली प्रति तास. उत्तर बरोबर आहे. पण शिकवण्यासाठी हा आकडा वाईट निवडला आहे, कारण वजनही ६० आणि मिनिटंही ६०. कोणी वजनाने गुणायचं विसरलं तरी ०.०७५ येतं आणि मिनिटांचा तास करायचं विसरलं तरी ०.०७५च. मग वही तपासताना कुठली पायरी सुटली ते कळत नाही. या भागातल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांत पेशंट ६० किलोचाच आहे.

आम्ही वजन ५२ करून घेतो. मग ५ गुणिले ५२ म्हणजे २६०, गुणिले ६० म्हणजे १५,६००, भागिले ४००० म्हणजे ३.९ मिली प्रति तास. आता उत्तर ०.०६५ आलं तर तास विसरला, ०.०७५ आलं तर वजन विसरलं, आणि ३९०० आलं तर मिलीग्रॅमचे मायक्रोग्रॅम केलेच नाहीत. चूक स्वतःच आपलं नाव सांगते. ५० मिलीच्या सिरिंजमधून तासाला ३९०० मिली जाणार नाही हे विद्यार्थ्याला स्वतःलाही दिसतं, आणि ०.०६५ हा रेट तर वॉर्डातल्या पंपावर बहुधा घालताही येत नाही.

म्हणजे या चुका पकडल्या जातात. भीती त्या चुकांची, ज्यांचं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. अशा दोन चुका संचात नाहीत आणि त्या असायलाच हव्या होत्या. पहिली पातळ करण्याची. ‘एक अँप्युल ५० मिली सलाईनमध्ये’ असं वाचून विद्यार्थी ५० मिली सलाईन घेऊन त्यात ५ मिलीचं अँप्युल ओततात. एकूण झालं ५५ मिली, आणि १ मिलीत ४च्या ऐवजी सुमारे ३.६४ मिलीग्रॅम. ३.९च्या रेटने पेशंटला ५ नव्हे, साधारण ४.५ मायक्रोग्रॅम मिळतं. योग्य कृती म्हणजे ४५ मिली सलाईन अधिक ५ मिली औषध. संचातल्या प्रश्नाचा मजकूर दोन्ही अर्थांनी वाचता येतो, उत्तरात मात्र ५० धरलं आहे. ‘एकूण ५० मिली’ एवढं पेनाने लिहून घ्या.

दुसरी चूक ड्यूटी बदलताना होते. फ्लुइड कमी द्यायचं म्हणून कोणी दोन अँप्युलं घालून सिरिंज भरली, म्हणजे १ मिलीत ८ मिलीग्रॅम, पण लेबल लावलं नाही. पुढच्या सिस्टरने नेहमीच्या ४ मिलीग्रॅमच्या हिशोबाने ३.९चा रेट ठेवला, तर पेशंटला जातं १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. डोपामिनची नेहमीची मर्यादा २ ते २०. म्हणजे मर्यादा तपासूनही ही चूक सापडणार नाही. ती फक्त सिरिंजवरच्या लेबलवर सापडते: औषध, एकूण मिलीग्रॅम, एकूण मिली, १ मिलीत किती, वेळ, सही. संचात ‘लेबल लिहा’ असा एकही प्रश्न नाही.

उलट दिशेची गणितं मात्र आहेत आणि ती छान आहेत. पंपावर ६ मिली प्रति तास दिसतंय, पेशंट ५२ किलो, सिरिंज तीच, तर डोस किती चालू आहे? ६ गुणिले ४००० म्हणजे २४,०००, भागिले ६० म्हणजे मिनिटाला ४००, भागिले ५२ म्हणजे ७.७ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. ओव्हर घेताना बेडजवळ करायचं गणित हेच. अशी अजून हवी होती.

आता पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडचं १० मिलीचं १५ टक्क्यांचं अँप्युल म्हणजे २० एमईक्यू, १ मिलीत २. रेटच्या भागातला प्रश्न असा: ४० एमईक्यू केसीएल ५०० मिली सलाईनमध्ये ४ तासांत, हाताच्या शिरेतून, २० थेंबांचा सेट. उत्तर दिलंय १२५ मिली प्रति तास, ४२ थेंब प्रति मिनिट. इथे पान संपतं. औषधाचे २० मिली वाढून ५२० झाले, तर थेंब ४३ येतात. तो फरक इथे क्षुल्लक आहे, त्यावर वाद नाही. पण ही ऑर्डर लावायची का, हा प्रश्न त्या पानावर विचारलेलाच नाही.

मर्यादेचा भाग वाचला की दोन आकडे मिळतात. मॉनिटर नसलेल्या वॉर्डात तासाला १० एमईक्यूपेक्षा जास्त नको, आणि हाताच्या शिरेतून लिटरमागे ४० एमईक्यूपेक्षा दाट द्रावण नको. आता हीच ऑर्डर तपासा. तासाला ४० भागिले ४ म्हणजे १० एमईक्यू, काठावर का होईना, बसतं. पण ५०० मिलीत ४० म्हणजे लिटरला ८०, मर्यादेच्या दुप्पट. शीर जळजळते, सुजते, पेशंट हात हलवू देत नाही. तेच ४० एमईक्यू १ लिटरमध्ये घातलं तर दाटपणा सुटतो, पण ४ तासांत द्यायला २५० मिली प्रति तास लागतात आणि हृदय किंवा किडनीच्या पेशंटला एवढं पाणी झेपेलच असं नाही. म्हणून उत्तराची शेवटची ओळ आकडा नसून ‘बाटली लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, लघवीचं प्रमाण आणि शेवटचा पोटॅशियम रिपोर्ट सांगा’ अशी हवी. सिस्टरने स्वतःहून ऑर्डर बदलायची नाही, पण चुकीची ऑर्डर थांबवायची आहे.

या भागातली एक तळटीप मात्र सोन्यासारखी आहे. लावलेल्या, चालू बाटलीत केसीएल घालू नये. ते जड असल्यामुळे खाली सेटच्या तोंडाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच दाट डोस आत जातो. क्लॅम्प बंद, बाटली उतरवायची, औषध घालून उलटसुलट करून नीट मिसळायची, मगच लावायची. आणि न पातळ करता थेट शिरेत, कधीही नाही.

पूर्णांकाबाबत संच एकसारखा वागत नाही. मोठ्या माणसाच्या थेंबांत ४१.६७चे ४२ करणं ठीक आहे. पण एका नवजात बाळाच्या गणितात ०.३६ मिलीचं ०.४ केलंय, म्हणजे ११ टक्के जास्त. १ मिलीच्या सिरिंजवर ०.०१च्या खुणा असतात, तिथे ०.३६ सहज काढता येतं. ते उत्तर खोडून टाका. शून्याची शिस्त मात्र पूर्ण संचात पाळली आहे: ०.५ लिहिताना पुढचं शून्य आहे, आणि ५ लिहिताना मागे टिंब-शून्य कुठेच नाही.

घेणाऱ्यांनी छापलेल्या क्रमाने जाऊ नये. युनिटं झाली की थेट मर्यादांचा भाग वाचा आणि मग रेटकडे वळा. रेटच्या प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी स्वतः जोडा, तासाला किलोमागे किती जातंय आणि द्रावण किती दाट आहे. समासात जागा पुरेशी सोडली आहे आणि कागद पेनाची शाई झिरपू देत नाही.