आधी फ्रेम, मग काच: मायनस साडेपाचच्या माणसाला चाळिशी लागली की काय घ्यावं

चष्म्याच्या दुकानात बहुतेक वेळा उलटा क्रम चालतो. चेहऱ्याला शोभते म्हणून मोठी फ्रेम आधी पक्की होते. मग "एवढ्या नंबरला काच जाड दिसेल हं" असं म्हणत सगळ्यात महाग पातळ काच पुढे येते. खरं तर जाडीचा बराचसा निकाल फ्रेम निवडतानाच लागलेला असतो. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडला की ते लगेच कळतं.

समजा, फोंड्याहून रोज कदंबाच्या बसने पणजीला येणारे ४७ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दिवसभर संगणकावर काम, बसस्टँडपर्यंत स्कूटर आणि संध्याकाळी देवळात भजनाला पेटीची साथ. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर मायनस ५.५०, आणि आता जवळचं दिसेना म्हणून वर प्लस १.५० ची अ‍ॅड. दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६२ मिलिमीटर. त्यांच्यासमोर दोन फ्रेम आहेत. दोन्हींच्या काडीच्या आतल्या बाजूला आकडे छापलेले आहेत: मोठीवर ५४ □ १८ १४०, लहानवर ४८ □ २० १४०. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीच्या लांबीचा, सगळे मिलिमीटरमध्ये.

पहिले दोन आकडे मिळवले की फ्रेमची स्वतःची पीडी कळते. मोठ्या फ्रेमची ७२, लहानची ६८. डोळ्यांची ६२ आहे, तेव्हा मोठ्या फ्रेममध्ये काचेचा केंद्रबिंदू प्रत्येक बाजूला ५ मिमी नाकाकडे सरकवावा लागतो, लहानमध्ये ३ मिमी. केंद्र नाकाकडे सरकलं की कानाकडची कड तेवढीच लांब जाते, आणि मायनस काच कडेलाच जाड असते. मोठीत ती कड केंद्रापासून ३२ मिमीवर येते, लहानमध्ये २७ वर. हा ५ मिमीचा फरक दिसायला किरकोळ, पण जाडी या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. दुसरी गोष्ट काचेचा इंडेक्स, म्हणजे काच प्रकाश किती वळवते त्याचा आकडा. तो जितका जास्त, तितकी त्याच नंबरला काच पातळ. म्हणून हिशेब असा निघतो:

| काच (इंडेक्स) | मोठी फ्रेम ५४-१८ | लहान फ्रेम ४८-२० |
|---|---|---|
| १.५० साधी | ७.७ मिमी | ६.० मिमी |
| १.६० | ६.१ मिमी | ४.७ मिमी |
| १.६७ | ५.५ मिमी | ४.३ मिमी |
| १.७४ | ५.० मिमी | ३.९ मिमी |

हे कानाकडच्या कडेच्या जाडीचे अंदाजी आकडे आहेत. मधली जाडी साध्या काचेला २ मिमी आणि १.७४ ला १.२ मिमी धरली आहे, बाकीच्या दोन्ही त्यांच्या मधल्या. चौकोनी फ्रेमच्या कोपऱ्यात आणखी थोडी भर पडते. पण तक्ता तिरका वाचला की मुद्दा दिसतो: लहान फ्रेममधली १.६० ही मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षा पातळ आहे. आणि लहान फ्रेममध्ये १.६० सोडून १.७४ घेतली, तर पदरात पडतो एक मिलिमीटरही नाही. या गृहस्थांनी लहान फ्रेम आणि १.६० घ्यावी, असं आमचं मत आहे. १.६७ चा विचार नंबर सहाच्या पुढे गेला तर करावा.

आणखी एका कारणाने १.६० बरी. इंडेक्स वाढला की काच रंग जास्त फोडते. नजर काचेच्या कडेकडे गेली की काळ्या अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसते. १.६० मध्ये हा त्रास १.६७ पेक्षा कमी. पॉलीकार्बोनेट हलकं आणि फुटायला कठीण, म्हणून लहान मुलांना आणि यंत्रावर काम करणाऱ्यांना तेच द्यावं. पण रंगाची किनार सगळ्यात जास्त त्यातच दिसते, आणि साडेपाचच्या नंबरला ती जाणवते. साधी १.५० रंगाच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ. दोन-अडीच नंबरपर्यंत तिच्यावर एक पैसाही जास्त घालवायची गरज नाही. रिमलेस फ्रेममध्ये मात्र साधी काच बसवू नये, भोकाशी तडकते.

फ्रेम चेहऱ्यावर कशी बसते हे आरशात समोरून बघून कळत नाही. फ्रेम लावून खाली मान घालायची आणि दोन-तीनदा हलवायची. घसरली तर पुलाचा आकार नाकाला जुळत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या नाकाचा वरचा भाग बसका असतो. एकसंध प्लास्टिकच्या फ्रेमला तिथे टेकायला जागाच मिळत नाही, आणि गोव्याच्या घामात ती दर पाच मिनिटांनी खाली येते. अशा नाकाला हलवता येणारे नोज पॅड असलेली धातूची फ्रेम बरी, म्हणजे दुकानदार पॅड आत-बाहेर करून उंची जुळवू शकतो. नंतर हसून बघायचं. गाल फ्रेमला वर ढकलत असतील तर ती मोठी आहे. पापण्या काचेला लागता कामा नयेत. काडीचं वळण कानाच्या मुळाशीच सुरू व्हायला हवं. आधी सुरू झालं तर कानामागे दुखतं, उशिरा झालं तर चष्मा नाकावरून उतरतो.

धातूबद्दल एक. घाम आणि खारी हवा यांनी स्वस्त मिश्रधातूची फ्रेम पॅडच्या दांडीशी आणि स्क्रूशी हिरवी पडते, काहींच्या नाकाच्या बाजूला निकेलने खाजही सुटते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी टायटॅनियमला जास्तीचे पैसे द्यावेत, ते वसूल होतात.

अँटी-ग्लेअर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेप, घ्यायचं की नाही, यावर साध्या काचेच्या बाबतीत वाद घालता येईल. १.६० किंवा त्याच्या वर मात्र घ्यायलाच हवं. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते, १.६७ ची जवळजवळ १२ टक्के. रात्री पावसात झुआरी पुलावर समोरच्या गाडीचे दिवे दुप्पट दिसतात ते यामुळेच. लेप चढवलेला आहे का हे ओळखायचं तर काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा: पांढरं दिसलं तर लेप नाही, मंद हिरवं किंवा निळसर दिसलं तर आहे. मात्र मांडवीच्या पाण्यावरून किंवा वाळूवरून येणारी उन्हाची तिरीप हा लेप अडवत नाही. त्याला पोलराइज्ड गॉगलच लागतो. पडद्याचा निळा प्रकाश अडवणारा ब्लू कट लावून संगणकाने डोळे शिणायचे थांबतात, याला आधार मिळालेला नाही. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, त्यातही तसा फायदा दिसला नाही. त्या पैशात पाणी आणि तेल न धरणारा चांगला वरचा थर घ्या.

अँटी-ग्लेअरचा लेप दोन तऱ्हांनी मरतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की खालचं प्लास्टिक जास्त प्रसरण पावतं, वरचा ऑक्साइडचा थर तेवढा ताणत नाही, आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या घासून जात नाहीत, काच बदलावी लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे कोरडी काच शर्टाच्या टोकाने पुसणं. मिरामारहून आल्यावर काचेवर मिठाचे आणि वाळूचे कण असतात, ते पुसताना ओढले जातात आणि चरे पडतात. आधी नळाखाली धुवायची, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवायचा, परत धुवायची, मग मायक्रोफायबरने टिपायची. स्पिरिट नको.

आता चाळिशीचा प्रश्न. नंबर मायनस दोन-अडीच असता तर वाचताना चष्मा काढून काम भागलं असतं. साडेपाचला उघड्या डोळ्यांनी १८ सेंटिमीटरवरच स्पष्ट दिसतं, म्हणजे पुस्तक नाकाला लागेल. तेव्हा खरे पर्याय तीन: बायफोकल म्हणजे लांबच्या काचेत खाली वाचनाची वेगळी खिडकी, प्रोग्रेसिव्ह म्हणजे वरून खाली हळूहळू नंबर बदलत जाणारी काच, किंवा लांबच्या चष्म्याबरोबर ऑफिसचा वेगळा.

बायफोकल, मग ती गोल खिडकीची केटी असो वा सपाट माथ्याची डी, स्वस्त असते, वाचनाची खिडकी रुंद आणि सवय लवकर होते. पण मधलं अंतर निसटतं. पेटीवर ठेवलेली भजनाची वही आणि संगणकाचा पडदा दोन्ही ६० सेंटिमीटरच्या आसपास असतात. खालच्या खिडकीतून ते दिसतात, पण हनुवटी वर करून. दिवसभर तसं बसलं की मान धरते. प्रोग्रेसिव्हमध्ये मधलं अंतर मिळतं, पण मधली पट्टी अरुंद असते आणि खालच्या दोन्ही बाजूंना दृश्य वाकडं दिसतं. कोणत्याही कंपनीची, कितीही महाग घेतली तरी हा भाग कमी-जास्त होतो, जात नाही. ऑफिस लेन्समध्ये पडदा आणि टेबल ऐसपैस दिसतं, पण तिच्यावर स्कूटर चालवता येत नाही. पडद्यासमोर सहा-सात तास बसणाऱ्याने रस्त्यासाठी प्रोग्रेसिव्ह आणि टेबलावर ऑफिस लेन्स अशी जोडी ठेवावी. एकच घ्यायचा असेल तर प्रोग्रेसिव्ह.

प्रोग्रेसिव्ह फसते ती बहुधा मापात. दुकानदाराने फ्रेम चेहऱ्यावर पक्की बसवून मगच, प्रत्येक डोळ्याची पीडी वेगळी आणि बुबुळाच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्यायला हवी. फ्रेम हातात धरून किंवा जुन्या चष्म्यावरून माप घेणाऱ्याकडे ऑर्डर देऊ नका. ही उंची १८ मिमी किंवा जास्त असेल तर नेहमीची काच बसते. आमच्या लहान फ्रेमची काच ३८ मिमी उंच धरली तर २१-२२ मिमी मिळतात, उत्तम. २६ मिमी उंचीची बारीक पट्टी फ्रेम घेतली तर वाचनाचा भागच कापला जाईल.

चष्मा घ्यायला जाल तेव्हा काचेवरच्या रंगीत खुणा पुसायच्या आधी घालून बघा. क्रॉस बरोबर बुबुळाच्या मध्यावर यायला हवा. समोर सरळ बघताना लांबचं धूसर आणि हनुवटी खाली केली की स्पष्ट होत असेल, तर काच उंच बसली आहे. वाचायला हनुवटी फार वर करावी लागत असेल तर खाली बसली आहे. एका बाजूला मान वळवूनच स्पष्ट दिसत असेल तर पीडी चुकली. पहिल्या दोन तक्रारी पुष्कळदा नोज पॅड दोन मिलिमीटर वर-खाली करून सुटतात, तिसरीला काच नवीनच करावी लागते. खुणा पुसल्यावरही काच उजेडात तिरकी धरली की ३४ मिमी अंतरावर दोन कोरलेल्या बारीक खुणा सापडतात, आणि कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा. तिथे १५ दिसायला हवं.

सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पहिले काही दिवस घरात आणि बसमध्ये वापरा, स्कूटर मागाहून. कदंबाची पायरी उतरताना मान खाली घालून बघायचं, नुसते डोळे नाही, नाहीतर पायरी वाचनाच्या भागातून धूसर दिसते. पंधरा दिवसांनीही जमलं नाही तर काच बदलून मिळेल की नाही, हे ऑर्डर देतानाच विचारून बिलावर लिहून घ्या, आणि त्याच बिलावर इंडेक्स, लेपाचं नाव, दोन्ही डोळ्यांची पीडी आणि उंची हेही.