एक्सेलमध्ये वजा, घात आणि टक्का: कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या वापरानंतरचा अनुभव

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गेलं शैक्षणिक वर्षभर प्रयोगाची गणितं आणि आलेख आम्ही वहीऐवजी एक्सेलमध्ये केले. आलेख झटक्यात निघतात, दुरुस्ती सोपी जाते, मुलांना आवडतं. याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी ते सोडते. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. गणितात बरोबर असलेलं सूत्र एक्सेलमध्ये जसंच्या तसं टाइप केलं, तरी उत्तर वेगळं येऊ शकतं. तसं झालं तरी एक्सेल लाल रंग दाखवत नाही की कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवत नाही.

आधी या दोन ओळी कोणत्याही दोन रिकाम्या सेलमध्ये टाइप करून बघा.

```
=-2^2
=0-2^2
```

पहिलीचं उत्तर ४, दुसरीचं −४. वहीत −२² लिहिलं तर नववीतलं पोरही उणे चार सांगेल, कारण आधी दोनचा वर्ग करायचा आणि मग चिन्ह लावायचं. आमच्या लॅबमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटरही उणे चारच देतो. एक्सेलचा नियम मात्र असा: ज्या वजाच्या डावीकडे वजा करण्यासारखं काही नाही, ते वजा म्हणजे संख्येचंच चिन्ह, आणि ते घाताच्याही आधी लागतं. म्हणजे पहिल्या ओळीत आधी उणे दोन तयार होतो आणि त्याचा वर्ग चार. दुसऱ्या ओळीत वजाच्या डावीकडे शून्य आहे, म्हणून ती वजाबाकी झाली. वजाबाकीचा नंबर शेवटी, घाताच्या बराच खाली.

हा बग नाही. मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर क्रम स्पष्ट दिलाय: चिन्हाचं वजा, मग टक्का, मग घात, मग गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी. लिब्रेऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्सही पहिल्या ओळीला ४ असंच उत्तर देतात. शाळेत पाठ केलेलं कंचेभागुबेव इथे कामाला येत नाही, कारण त्यात घातही नाही आणि एकट्या वजाच्या चिन्हाचाही उल्लेख नाही.

हे प्रयोगात कुठे लागतं ते सांगते. सरळ वर फेकलेल्या चेंडूची उंची काढायची होती. सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर, गुरुत्वत्वरण ९.८. A रकान्यात वेळ, B मध्ये उंची. एकाच गटातल्या तीन मुलांनी तीन तऱ्हेने सूत्र लिहिलं, आणि कागदावर तिन्ही सूत्रं एकच आहेत.

```
=20*A2-4.9*A2^2
=-4.9*A2^2+20*A2
=-A2^2*4.9+20*A2
```

पहिली दोन बरोबर उत्तर देतात. पहिल्यात वजाच्या डावीकडे २०*A2 आहे, म्हणून ती वजाबाकी. दुसऱ्यात वजा चिन्हाचंच आहे, पण ते ४.९ ला चिकटलंय. A2 चा वर्ग स्वतंत्रपणे होतो आणि त्याला उणे ४.९ ने गुणलं जातं, म्हणून काही बिघडत नाही. तिसऱ्यात मात्र वजा थेट A2 ला चिकटलं, वर्ग झाला आणि चिन्ह गायब.

एका सेकंदाला खरी उंची १५.१ मीटर, तिसऱ्या सूत्राने २४.९. दोन सेकंदांना २०.४ च्या जागी ५९.६. तीन सेकंदांना १५.९ च्या जागी १०४.१. चार सेकंदांना चेंडू जवळजवळ जमिनीवर, १.६ मीटरवर असायला हवा, तर पत्रक म्हणतं १५८.४. चेंडू खाली यायचं नावच घेत नव्हता. पहिल्या ओळीत मात्र कुणाला शंका आली नाही, कारण तिथे वेळ शून्य आणि उंचीही शून्य, तिन्ही सूत्रांत. आमची मुलं ताळा बघताना बहुतेक वेळा पहिलीच ओळ बघतात. म्हणून मी आता शेवटच्या ओळीचा ताळा कॅल्क्युलेटरवर करायला लावते.

चेंडूच्या बाबतीत निदान आलेख ओरडून सांगतो. मापनातल्या त्रुटींचा घंटेच्या आकाराचा वक्र काढताना चूक याहून घातक होती. त्याचं सूत्र असं टाइप केलं जातं:

```
=EXP(-A2^2/2)
```

इथे A2 मध्ये मध्यापासूनचं अंतर, प्रमाण विचलनाच्या पटीत. A2 मध्ये ३ असेल तर उत्तर ०.०१११ यायला हवं. एक्सेल देतो ९०.०२, कारण आत उणे ४.५ ऐवजी अधिक ४.५ गेलं. मध्यावर, म्हणजे शून्याला, दोन्हीकडे उत्तर १ येतं आणि वक्र दोन्ही बाजूंना सममितही राहतो. फक्त घंटा उलटी होऊन वाटी बनते. कंसाच्या आत सुरुवातीलाच वजा आलं की डावीकडे काही नाही असाच अर्थ घेतला जातो, हे इथे लक्षात ठेवायचं. स्वल्पविरामानंतर आणि गुणिले चिन्हानंतरही तेच. म्हणून `=IF(A2>0,-A2^2,0)` मध्येही हाच घोळ होतो.

उपाय सोपा आहे. वर्गालाच कंसात घ्यायचं.

```
=EXP(-(A2^2)/2)
```

काही जण `=-1*A2^2` लिहितात, तेही बरोबर चालतं. `=-POWER(A2,2)` सुद्धा. मला स्वतःला कंस आवडतो, कारण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसतं.

या सगळ्यात फसवी गोष्ट अशी की घात विषम असेल तर काहीच कळत नाही. उणे दोनचा घन उणे आठ, आणि दोनचा घन काढून चिन्ह लावलं तरी उणे आठ. एकाने पूर्ण पत्रक घनावर तपासलं आणि "मॅडम, सगळं बरोबर आहे" म्हणून दिलं. वर्गाचा रकाना त्याने बघितलाच नव्हता. घात अर्धा असेल तर उलट एक्सेल चक्क नकार देतो. `=-9^0.5` ला उत्तर `#NUM!`, कारण तो उणे नऊचं वर्गमूळ काढायला जातो. ही चूक मला सगळ्यांत आवडते, कारण ती लपत नाही.

तपासायला बहुतेकांना माहीत असलेली युक्ती म्हणजे सूत्रातला तुकडा निवडून F9 दाबणं. ती इथे दगा देते. A2 मध्ये ५ आहे आणि `=-A2^2` मधला फक्त `A2^2` निवडून F9 दाबलं, तर तिथे २५ येतात आणि सूत्र `=-25` दिसतं. वाटतं, उत्तर उणे पंचवीसच असणार. प्रत्यक्षात Esc दाबून मागे आलात की सेलमध्ये अधिक पंचवीस उभे असतात. तुकडा निवडताना आपणच अदृश्य कंस घातलेला असतो, आणि एक्सेलचा क्रम बाजूला पडतो. Esc ऐवजी एंटर दाबलंत तर आणखी वाईट: सूत्र जाऊन कायमचा −२५ बसतो.

पायथन शिकलेल्या मुलांना हे जास्त जड जातं. तिथे `-2**2` चं उत्तर −४ आहे, म्हणून ती सूत्रं आणून टाकतात आणि भरवशाने बसतात. त्याहून मजेशीर म्हणजे एक्सेलच्या पोटातलीच मॅक्रो लिहायची भाषा, व्हीबीए. Alt+F11 दाबा, मग Ctrl+G, आणि खालच्या खिडकीत हे लिहून एंटर दाबा:

```
? -2^2
```

−४ येतं. एकच प्रोग्रॅम, सेलमध्ये चार आणि मॅक्रोत उणे चार. ज्याने पत्रकातलं सूत्र मॅक्रोत नेलं किंवा उलट आणलं, त्याला याचा फटका बसतोच. आता बदल करणंही अवघड आहे. नियम बदलला तर जुन्या नियमावर बसवलेल्या फायली उलट्या चुकतील.

टक्क्याची गंमत माझ्यापेक्षा आमच्या ऑफिसातल्या लोकांना जास्त भोगावी लागली. लॅबचं सामान घेताना १००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावायचा होता. बहुतेक मोबाइल कॅल्क्युलेटरवर 1000 + 18 % दाबलं की ११८० येतात, कारण कॅल्क्युलेटर टक्का आधीच्या आकड्याचा धरतो. एक्सेलमध्ये % म्हणजे फक्त शंभराने भागणं, तेही घाताच्या आधी. `=A2+18%` म्हणजे १००० अधिक ०.१८, उत्तर १०००.१८. रकाना पूर्ण रुपयांत दाखवायला ठेवलेला असेल तर दिसतात १००० रुपये आणि कर लागलाच नाही असं वाटतं. बरोबर लेखन `=A2*(1+18%)`.

घाताशी टक्का भिडला की आणखी विचित्र. `=5^2%` बघून वाचणारा पंचवीसचे टक्के, म्हणजे ०.२५ समजतो. एक्सेल आधी २% चे ०.०२ करतो आणि पाचचा तेवढा घात काढतो, सुमारे १.०३. चक्रवाढ व्याजात कंस विसरला तर `=50000*1+8%^3` ला उत्तर पन्नास हजार रुपये येतं, कारण ८ टक्क्यांचा घन ०.०००५१२ इतका लहान की दोन दशांश स्थळांत दिसतच नाही. `=50000*(1+8%)^3` लिहिलं की खरी रक्कम ६२,९८५.६० मिळते.

जुन्या फायली धुंडाळायला मी Ctrl+F वापरते. शोधायचा मजकूर `=-*^*`, शोधायची जागा सूत्रं. मग दुसऱ्यांदा `(-*^*`, तिसऱ्यांदा `,-*^*`, चौथ्यांदा `~*-*^*`. शेवटच्यात पुढे ~ लागतोच, नाहीतर तारा गुणिले म्हणून न बघता कोणताही मजकूर म्हणून धरला जातो. निकालात `=-4.9*A2^2` सारखी निर्दोष सूत्रंही येतात, ती नजरेने वगळावी लागतात. पण पाच मिनिटांत अख्खी फाइल चाळून होते.

एवढं असूनही मी पुढच्या वर्षी एक्सेलच वापरणार आहे. आलेखाच्या बाबतीत आमच्या लॅबला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मिळालेलं नाही, आणि क्रम लक्षात असेल तर सूत्रं बिनचूक चालतात. पाचपैकी चार तारे देते. पाचवा कापला तो इशारा नाही म्हणून. शेजारच्या सेलपेक्षा सूत्र वेगळं असेल तर एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवतो, मग वजाला चिकटलेल्या सेलवर सम घात आला तर एक बारीकशी खूण दाखवायला काय हरकत होती, कोण जाणे. तोवर आमच्या प्रयोगवहीत पहिल्याच पानावर सूचना छापली आहे: वजानंतर घात आला की कंस घाला, आणि कंस नसलेल्या सूत्राला गुण नाहीत.