कापडी पिशव्यांची बल्क ऑर्डर घेताय? सँपल बदलणाऱ्या एजंटपासून सावध रहा

२०१८ ला महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आम्ही घरी दोन मशीनवर दुकानांसाठी कापडी पिशव्या शिवतो. मागच्या दिवाळीआधी एक एजंट आला, मिठाईच्या दुकानाला १००० पिशव्या पाहिजेत म्हणाला, सँपल नेलं आणि दोन दिवसांनी फोन केला की मालकांना पसंत आहे, दुकानाचं नाव छापून द्या.

हिशोब आधी सांगते. पिशवी १४ बाय १६ इंच, मांजरपाट ४८ इंच पन्ह्याचा, ६० रुपये मीटर. बंद धरून मीटरमध्ये पावणेतीन पिशव्या बसतात, म्हणजे कापडच २२ रुपये. शिलाई ६, छपाई ३, दोरा, इस्त्री, टेम्पो मिळून २. झाले ३३. एक-दोन पिशव्यांना आम्ही ४५ घेतो, हजाराला ३८ ठरले. अ‍ॅडव्हान्सचं विचारलं तर म्हणे मालक माल बघून लगेच रोख देतात, आणि सण तोंडावर होता.

माल घेऊन गेलो तर त्याने बॅगेतून एक पिशवी काढली, म्हणे हे तुमचं सँपल, बघा कापड किती जाड आहे, तुम्ही पातळ लावलंय, २५ नी देत असाल तर ठेवा नाहीतर घेऊन जा. ती पिशवी आमची नव्हतीच! आम्ही बंदाच्या जोडावर चौकोन करून त्यात फुली मारतो, त्या पिशवीवर नुसती एक सरळ शिलाई होती, आणि कापड मांजरपाट नाही तर कॅनव्हास. पण आमचं खरं सँपल त्याच्याकडेच, आमच्या हातात पुरावा काहीच नाही. आणि छापलेलं नाव दुसऱ्या कुठल्या दुकानात चालणार? त्याला हेच पाहिजे असतं, छपाई झाली की माल त्याच्याशिवाय कोणाला विकता येत नाही. भांडून भांडून २७ वर आला, पिशवीमागे ६ रुपये आमच्याच खिशातून गेले. नंतर त्या मिठाईवाल्यांकडे गेले तर कळलं, त्यांना त्याने ४० नी लावली होती आणि त्यांची कापडाबद्दल काही तक्रारच नव्हती. आमच्या ओळखीच्या एका ताईंनाही त्याने असंच केलंय, तीच जाड पिशवी दाखवून.

आता आम्ही एकाच कापडातून दोन सँपल शिवतो, दोन्हींच्या आत कापडाचा तुकडा लावून त्यावर माप, रेट, तारीख आणि गिऱ्हाईकाची सही घेतो, एक त्यांच्याकडे एक आपल्याकडे. एजंट असला तरी सही दुकानाच्या मालकाचीच. छपाईचा स्क्रीन बनवायच्या आधी निम्मे पैसे, कारण तेवढ्यात निदान कापडाचा बराचसा खर्च निघतो. आणि माल दोनशे-दोनशेच्या लॉटमध्ये द्या, पहिल्या लॉटचे पैसे आले की पुढचं कापड कापा. जो खरंच घेणार आहे तो या सगळ्याला हो म्हणतो. ज्याला सही नको, अ‍ॅडव्हान्स नको आणि नाव मात्र लगेच छापून पाहिजे, त्याला सँपलसुद्धा देऊ नका.