जुने फोटो नवीन करून देणाऱ्या ॲपने पैसे तर घेतलेच पण आजीचा चेहराच बदलून टाकला

आधीच सांगते पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात आजीआजोबांचा एखादाच फोटो उरलाय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आईची पंचाहत्तरी होती. तिच्याकडे तिच्या आईचा म्हणजे माझ्या आजीचा एकच फोटो आहे, १९६८ सालचा, मोठ्या मावशीच्या लग्नातला, वाईजवळच्या घराच्या अंगणात काढलेला ग्रुप फोटो. अकरा माणसं, आजी खाली बसलेली, शेजारी नऊ वर्षांचा मामा. ब्लॅक अँड व्हाइट, पण आता काळं काळं राहिलं नाही आणि पांढरं पांढरं नाही, सगळं चहासारखं पिवळट झालंय, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग आणि मधून एक घडी. मला वाटलं हा नीट करून मोठा प्रिंट काढून आईला द्यायचा. मला फोटोशॉप वगैरे काही येत नाही, म्हणून ॲप शोधायला लागले आणि दुसऱ्याच दिवसापासून मोबाईलवर जाहिराती सुरू झाल्या, एका क्लिकमध्ये जुना फोटो नवा, डिझाइनचं काही यायची गरज नाही.

त्या जाहिरातीत बिफोर आफ्टर दाखवतात ना, ते आता नीट बघा. मी नंतर झूम करून बघितलं तेव्हा लक्षात आलं. बिफोरमधल्या भेगा आणि डाग सगळ्या फोटोवर एकसारखे पसरलेले होते, चेहऱ्यावर, भिंतीवर, आकाशात, सगळीकडे तेवढेच, जणू वरून एक जाळी टाकलीय. खरा फोटो असा खराब होत नाही, तो कडेने जातो, घडीवर तुटतो, जिथे अल्बमचा चिकट कागद लागलाय तिथे सोलतो. आणि आफ्टरमध्ये साडीच्या काठाची एकेक रेघ दिसते जी बिफोरमध्ये कुठेच नाही. म्हणजे चांगला फोटो घेऊन मुद्दाम खराब केला आणि उलट्या क्रमाने दाखवला, असंच माझं मत झालंय.

तर ॲप घेतलं, फ्री लिहिलं होतं. फोटो टाकला, अर्ध्या मिनिटात मधे सरकपट्टी असलेला रिझल्ट आला, खूप सुंदर दिसला, खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं. पण सेव्ह करायला गेले की तीन दिवस मोफत ट्रायल घ्या. वर मोठ्या अक्षरात वर्षाची किंमत आणि खाली बारीक राखाडी अक्षरात दुसरा पर्याय, तो आधीच निवडलेला, ४४९ रुपये, आणि त्याच्यापुढे प्रति आठवडा. मी ते महिन्याचं समजले. यूपीआयचा पिन टाकला, फोटो सेव्ह केला, आणि काम झालं म्हणून त्याच दिवशी ॲप डिलीट केलं.

ॲप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. पिन टाकला तेव्हा मी एकदाचे पैसे नाही दिले, दर आठवड्याला कापायची परवानगी दिली. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो तसा आलाही होता, पण त्यात ॲपचं नाव नव्हतं, प्ले स्टोअरचं होतं, मला वाटलं मुलाच्या गेमचं काहीतरी असेल. चार वेळा कापले गेले, १७९६ रुपये. पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं.

बंद कसं करायचं तर Play Store उघडा, वर उजवीकडे आपला फोटो असतो तो दाबा, Payments & subscriptions मध्ये Subscriptions, तिथे ॲप डिलीट केलेलं असलं तरी नाव दिसतं, आणि Cancel subscription. मग आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते तिथेही जाऊन बघा मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, चालू आहे का. पैसे कापून ४८ तास व्हायच्या आत गूगलकडे रिफंड मागितला तर मिळायची शक्यता चांगली असते, माझा शेवटचा हप्ता आदल्याच दिवशी गेला होता तो परत आला. आधीचे तीन गेले ते गेले, ॲपवाल्यांना तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही.

पण पैशाचं मी विसरले असते. खरी फसवणूक पुढे आहे.

मी तो सेव्ह केलेला फोटो जवळच्या लॅबमधून बारा बाय अठरा प्रिंट करून फ्रेम केला आणि पंचाहत्तरीला आईच्या हातात दिला. आई बघत राहिली. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. म्हणाली, "ही कोण गं?" मी म्हटलं अगं आजी नाही का, खाली बसलेली. ती म्हणाली, "माझ्या आईच्या कपाळावर तीन टिंबं होती गोंदलेली. आणि डावी पापणी जरा खाली यायची तिची. ही माझी आई नाही."

मी मूळ फोटो शेजारी धरला. गोंदणाची टिंबं ॲपने डाग समजून पुसली होती. दोन्ही डोळे एकसारखे मोठे केले होते, दोन्हीत पांढरा चमकदार ठिपका, मूळ फोटोत तिथे नुसती सावली आहे. नथ वितळून ओठाला चिकटल्यासारखी झाली होती. नऊ वर्षांचा मामा वीस वर्षांचा दिसत होता, आणि अकराही जणांची कातडी एकसारखी तुकतुकीत, त्यात उन्हात राबलेली माणसं होती ती. वर रंगही भरले होते, आजीची साडी निळी. आई म्हणाली जांभळी होती, लग्नात घेतलेली. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंगाची नोंदच नसते, फक्त कमीजास्त उजेड असतो, त्यामुळे ॲप जो रंग देतं तो निव्वळ अंदाज.

हे का होतं ते मला माझ्या भाच्याने हिशोब करून दाखवलं, तो छपाईच्या कामात आहे. मूळ फोटो सहा इंच रुंद, त्यात आजीचा चेहरा जेमतेम ६ मिलिमीटर. मी काय केलं होतं, मामेभावाने स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो वापरला होता. व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. म्हणजे आजीच्या अख्ख्या चेहऱ्याला आले साठ पासष्ट पिक्सेल, एका डोळ्याला दहा बारा. त्या दहा बारा ठिपक्यांमध्ये पापणी कशी होती ही माहितीच नाही, मग ॲप ती आणणार कुठून? ते हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं, त्यातला शोभेल असा डोळा तिथे बसवतं. दुरुस्ती नाही ती, नवीन चित्र काढणं आहे, आणि ॲपवर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं.

ओळखायचं कसं? चेहऱ्याच्या कडेला झूम करा. चेहरा एकदम धारदार आणि कान, मान, केसांची कड मात्र मूळसारखीच पुसट असेल तर चेहरा नवीन बसवलाय. दात दिसत असतील आणि मूळ फोटोत दिसत नसतील तर तेच. आणि शक्य असेल तर त्या माणसाला प्रत्यक्ष बघितलेल्या कुणालातरी आधी दाखवा, प्रिंट काढायच्या आधी. मी हे केलं असतं तर आईवर तो प्रसंग आला नसता, याचं मला फार वाईट वाटतं.

मग आम्ही परत पहिल्यापासून केलं. आईकडून मूळ फोटो घेतला, स्कॅनरची काच मऊ कापडाने पुसून १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, कलरमध्येच स्कॅन केला, ब्लॅक अँड व्हाइट असला तरी, कारण पुढे डागासाठी कलर लागतो. आता तोच चेहरा २८० पिक्सेलच्या आसपास आला, आणि स्क्रीनवर मोठा केल्यावर तीनही टिंबं दिसली. फाइल एकमेकांना पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे लहान होत नाही.

बाकीचं GIMP या फोटो एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये केलं, कॉम्प्युटरवर चालतं, पूर्ण फुकट, सबस्क्रिप्शन नाही काही नाही. मला त्यातल्या तीनच गोष्टी लागल्या. पहिली, Colors मध्ये Components आणि त्यात Extract Component, तिथे RGB Red, म्हणजे फोटोतला फक्त लाल उजेड, निवडलं. पिवळा डाग लाल उजेडात जवळपास दिसतच नाही, त्यामुळे कोपऱ्यातला डाग नव्वद टक्के तिथेच गेला आणि फोटो करडा झाला. दुसरी, Colors मध्ये Levels. तिथे डोंगरासारखा एक आलेख दिसतो, फिक्या फोटोत तो डोंगर मधेच अडकलेला असतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आणायचा, उजवीकडचा पांढरा तो संपतो तिथपर्यंत. बस. तेवढ्याने फोटो उठून आला, ज्यासाठी मी पैसे मोजत होते त्यातलं बरंचसं काम हेच. फार ओढू नका, नाहीतर पांढऱ्या टोप्या नि धोतरं नुसती कोरी होतात.

तिसरी गोष्ट Heal चा ब्रश, घडीसाठी. Ctrl दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं आणि मग घडीवरून छोटा छोटा ब्रश फिरवायचा. भिंत, जमीन, आकाश इथेच वापरला. घडी एका मामेआजोबांच्या गालावरून जाते, ती तशीच ठेवली. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर Snapseed मध्ये Curves आणि Healing आहे, तेही फुकट आहे, पण बोटाने बारीक काम जरा अवघड जातं.

आजी यात काही एकदम धारदार दिसत नाही, जवळून बघितलं तर पुसटच आहे. म्हणून प्रिंटही बारा बाय अठरा न काढता आठ बाय दहाचाच काढला. आईने तो देवघराशेजारी लावला, लावायच्या आधी बोट ठेवून टिंबं मोजली.

आता एक काम राहिलंय. तो पहिला खोटा फोटो मी उत्साहात घरच्या ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांनी सेव्ह केला. पुढच्या पिढीतल्या कुणीच आजीला बघितलेलं नाही, त्यांना तोच खरा वाटणार. ग्रुपवर नवीन टाकून जुना डिलीट करा म्हणून लिहिलं, बहुतेकांनी केला, पण दोन मावसबहिणींच्या डीपीवर अजून तीच निळ्या साडीतली बाई आहे. रविवारी दोघींना फोन करणार आहे.