गोठवलेल्या एम्ब्रियोनंतरचं प्रोजेस्टेरॉन: गोळी, इंजेक्शन आणि पुन्हा गोळी

आयव्हीएफमधलं आमचं ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात ठेवणं, गोठवलेल्या एम्ब्रियोचं होतं, तेही औषधांवर गर्भाशयाचं अस्तर वाढवून. अशा सायकलमध्ये बीज फुटत नाही, त्यामुळे गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंडाशय स्वतः बनवत नाही. वार ते काम हाती घेईपर्यंत सगळी भिस्त औषधांवरच असते. म्हणून कोणताही डोस विसरून चालत नाही.

सुरुवात योनीमार्गातल्या ४०० मिग्रॅच्या गोळ्यांनी झाली, सकाळ-संध्याकाळ एकेक. दुखत काहीच नाही, पण चिकचिक भयंकर. गोळी ठेवून अर्धा तास आडवं पडलं तरी पांढरा चुरा बाहेर येतोच. तो बघून औषध वाया गेलं असं वाटायचं, पण औषध तोवर शोषलं गेलेलं असतं, बाहेर येतो तो गोळीचा बाकीचा भाग. पॅड लावायचा आणि पुढे जायचं. थोडी खाजही आली.

रक्तात प्रोजेस्टेरॉन मिलिलीटरमागे १० नॅनोग्रॅमच्या खाली आल्यावर डॉक्टरांनी तेलातलं ५० मिग्रॅचं इंजेक्शन जोडलं. योनीतून घेतलेलं औषध थेट गर्भाशयात जास्त पोचतं, म्हणून रक्तातला आकडा मुळातच कमी दिसतो. तरीही औषधांवरच्या सायकलमध्ये फार कमी आकडा आला की बरेच डॉक्टर डोस वाढवतात. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात नुसत्या योनीमार्गाच्या औषधावर गर्भपात जास्त झाले. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन जोडलेल्यांचे निकाल मात्र रोज इंजेक्शन घेणाऱ्यांइतकेच चांगले होते. आमच्या डॉक्टरांनी हाच मधला मार्ग धरला.

इंजेक्शन म्हणजे खरी परीक्षा. तेल घट्ट, सुई लांब. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणायच्या, "ताई, त्या पायावर भार नको, ढिला सोडा." बाटली तळहातात धरून कोमट केली की तेल जरा सुखाने जातं. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, बाजू बदलत. नंतर चोळणं आणि हलका शेक. एवढं करूनही गाठी झाल्याच, बसताना टोचायच्या. गाठ लाल, गरम झाली किंवा ताप आला तर मात्र शेकत बसू नका, दाखवा. बऱ्याच इंजेक्शनांत तिळाचं तेल असतं, त्यामुळे तिळाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

पुढे इंजेक्शन थांबवून तोंडाने घ्यायची डायड्रोजेस्टेरॉनची १० मिग्रॅची गोळी दिली, दिवसातून तीनदा, योनीमार्गाच्या गोळीच्या जोडीला. मळमळ आणि डोकेदुखी सोडली तर सर्वात सोपी. पण हे औषध रक्ताच्या प्रोजेस्टेरॉन तपासणीत दिसत नाही. त्यानंतर आकडा खाली आला म्हणून माझी झोप उडाली होती. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल तोंडाने घेतली तर गुंगी येते, म्हणून ती रात्री देतात. मला ती दिली नव्हती.

छाती दुखणं, पोट फुगणं, बद्धकोष्ठ हे तिन्हींत आलं. ही लक्षणं औषधाचीच असू शकतात, त्यावरून बीटाचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, अंदाज बांधू नका. मधे डाग दिसला तेव्हाही औषध चालूच ठेवून फोन केला. गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी औषध हळूहळू बंद केलं. गाठी विरायला मात्र त्यानंतरही बराच वेळ गेला.