आठ महिने दुकानाचा स्टॉक सॉफ्टवेअरवर: वापरानंतरचा अनुभव

स्टेशनरीचं दुकान आहे आमचं, शाळेजवळच, आणि ऑक्टोबरपासून सगळा स्टॉक कॉम्प्युटरवर आहे. सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, सगळा डेटा dukan.db या एकाच एसक्यूलाइट फाईलमध्ये.

'माल कमी' चा इशारा आधी प्रत्येक वस्तूला 10 वर होता आणि तो काहीच कामाचा नव्हता, कारण कंपासपेटी 10 म्हणजे महिनाभर पुरते आणि 200 पानी वही 10 म्हणजे दिवसभरात संपते. मग प्रत्येक वस्तूला वेगळा आकडा टाकला. वह्या रोज 12 जातात, होलसेलवाल्याकडून माल यायला 4 दिवस, म्हणजे 48, वर एक दिवसाचा जास्तीचा धरून 60. जूनमध्ये रोजचा खप 70 वर जातो तेव्हा हाच आकडा 350 करावा लागतो, ते सॉफ्टवेअर स्वतः करत नाही, मे महिन्यात आठवणीने आपणच बदलायचं.

आता खरा फटका कुठे बसला ते सांगतो. मी रोज रात्री dukan.db पेनड्राइव्हवर कॉपी करायचो, पण सॉफ्टवेअर चालूच असायचं आणि कॉम्प्युटर कधी बंद करायचो नाही, नुसता स्लीपवर. फेब्रुवारीत हार्डडिस्क गेली. नवीन मशीनवर पेनड्राइव्हची फाईल टाकली, सगळं नीट उघडलं, एरर नाही काही नाही, पण शेवटचं बिल 2318 दिसत होतं आणि हातातल्या बिलावर 2431 होता. तीन दिवसांची 113 बिलं गायब!

झालं असं की शेजारीच dukan.db-wal नावाची फाईल असते, नवीन नोंदी आधी तिच्यात जातात आणि साधारण 1000 पानं भरली की मग मुख्य फाईलमध्ये उतरतात (पान म्हणजे डेटाबेसचं, सहसा 4 केबीचं). आमच्यासारख्या दुकानात तेवढं भरायला तीन-चार दिवस सहज लागतात. सॉफ्टवेअर नीट बंद केलं की ती लगेच उतरते आणि -wal फाईल गायब होते, म्हणून फोल्डरमध्ये ती दिसत असेल तर नुसती .db कॉपी करू नका. चालू असताना बॅकअप हवा असेल तर मी आता हे वापरतो:

```
sqlite3 dukan.db ".backup 'E:/dukan-bkp.db'"
```

वाचलो ते छापील बिलांमुळे. पहिल्यापासून दोन प्रती काढायची सवय, एक गिऱ्हाइकाला, एक खिळ्याला. ती 113 बिलं बायकोने आणि मी दोन रात्री बसून परत भरली, तोपर्यंत स्टॉक जास्त दाखवत होता आणि वह्यांचा इशारा आलाच नाही, त्या आठवड्यात वह्या संपल्या.

थर्मल बिलावरची छपाई उन्हात उडते, दुकानाची प्रत डब्यात ठेवा. आणि पेनड्राइव्हची फाईल आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटचा बिल नंबर जुळवून बघा, मी आता दर रविवारी बघतो.